ठिपका समुद्राकडे

बिसुन देवच्या प्रयोगशाळेत भिंगाची वक्रता त्रिज्या शंभर सेंटिमीटर यायची. नव्याण्णव आली तर त्या मुलाची नजर अधू आणि एकशे एक आली तर हात कापरा, असं तो खुशाल सांगायचा. लौटोका बंदरातल्या त्या लहानशा कॉलेजात अठ्ठावीस वर्षं तो लॅब सांभाळत होता. एवढ्या काळात प्राध्यापक आले, चार दिवस फॅनखाली बसले आणि ऑस्ट्रेलियाला निघून गेले. बिसुन मात्र जागचा हलला नाही. सोडियमचा दिवा गुलाबीचा पिवळा व्हायला किती मिनिटं घेतो आणि दमट हवेत कुठल्या कपाटातल्या भिंगांवर बुरशी धरते, हे त्या इमारतीत त्याच्या एकट्याच्याच डोक्यात होतं. आपण लॅब सांभाळतो असं प्राध्यापकांना वाटायचं, आणि बिसुन त्यांना वाटू द्यायचा.

प्रयोग तसा भोळा आहे. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचं. दोघांच्या मधे हवेची फट राहते, मध्यावर जवळजवळ शून्य आणि कडेकडे वाढत जाणारी. वरून पिवळा उजेड टाकला की त्या फटीपायी एकात एक अशी काळी-पिवळी वलयं दिसतात. मायक्रोस्कोप स्क्रूनं हळूहळू सरकवत डावीकडच्या विसाव्या वलयापासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत जायचं, एकाच दिशेनं, मागे न फिरता, आणि प्रत्येक वलयाचा व्यास काढायचा. व्यासांच्या वर्गांमधल्या फरकावरून त्रिज्या निघते. भिंग जितकं चपटं तितकी वलयं मोठी.

यातली एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती, ती बिसुनच्या काचेवर होती. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळात छप्पर उडालं, कपाट आडवं झालं आणि खालची सपाट काच फुटली. भिंग वाचलं. नव्या काचेसाठी त्यानं अर्ज केला, आठवण केली, आठवणीची आठवण केली. शेवटी गुदामाच्या खिडकीच्या झडपेतली, म्हणजे लुव्हरची, एक जुनी काचेची पट्टी काढली, हिरेकणीनं चौकोनी तुकडा कापला, कडा घासल्या आणि भिंगाखाली ठेवला. वलयं काय सुरेख आली. मोजली तर त्रिज्या ब्याण्णव. त्यानं काच पाव फेरा फिरवली, पुन्हा मोजली, तर बरोब्बर शंभर.

कपाटात इंग्लंडहून आलेला शिक्क्याचा कागद होता आणि त्यावर शंभरच लिहिलेलं होतं. तेव्हा काचेची कुठली बाजू खरी बोलते याबद्दल बिसुनला शंका उरली नाही. त्यानं बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका काचेच्या कडेला दिला. ठिपका वरच्या अंगाला आणि समुद्राकडच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला की शंभर. काच अशी एका बाजूनं खरी आणि एका बाजूनं खोटी का असावी, हा प्रश्न त्याला पडला होता, नाही असं नाही. पण आंबा गोड लागला की झाड कुणाचं हे माणूस विचारत नाही. काचेबद्दल त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा वलयांची चिठ्ठी सेरेआनाला आली. सेरेआना वाकालोलोमा, कांदावू बेटावरची. गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात तिला डेंग्यू झाला आणि प्रात्यक्षिक हुकलं, म्हणून हे दुसरं वर्ष. तिच्या बेटावरच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण पुढच्या शुक्रवारपर्यंत. त्याच्या आत पास झाल्याचा कागद गेला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. हे सगळं बिसुनला माहीत होतं, कारण वर्षभर ती त्याच्या खोलीत बसून उकडलेला कसाव्याचा कंद आणि त्याच्या डब्यातलं टिनच्या माशाचं कालवण वाटून खात असे. ती त्याला मोमो म्हणायची, म्हणजे मामाच. चिठ्ठी वाचून बिसुन मनात म्हणाला, सुटली पोरगी.

बाहेरच्या परीक्षक म्हणून राजधानी सुवातल्या एका कॉलेजातल्या डॉक्टर मेले फिफिता आल्या होत्या. टोंगाच्या, धिप्पाड, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात असे प्रश्न विचारायच्या की मुलांना घाम फुटायचा. इथले विभागप्रमुख डॉक्टर अविनेश लाल. लाल साहेबांकडे उत्तरांचा तक्ता होता आणि तक्त्यावर त्यांची गीतेइतकी श्रद्धा होती. वलयांच्या ओळीत लिहिलं होतं: शंभर, तीन टक्के इकडेतिकडे पूर्ण गुण, पाच टक्क्यांच्या बाहेर नापास.

तासाभरानं बिसुन स्टूल सरकवायच्या निमित्तानं सेरेआनाच्या टेबलापाशी गेला. तिच्या वहीत व्यासांचा तक्ता स्वच्छ भरलेला होता, आणि खाली लिहिलेलं होतं ब्याण्णव पूर्णांक एक. बिसुननं काचेकडे पाहिलं. ठिपका नव्हता. शेजारी अॅसिटोनची बाटली होती आणि कापसाचा बोळा, किंचित गुलाबी. वापरण्याआधी काच आणि भिंग अॅसिटोननं पुसावं, असं त्यानंच वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्याचं ऐकणारी ही पहिलीच.

परीक्षेत लॅबच्या माणसानं उमेदवाराशी बोलायचं नाही, हा नियम. बिसुननं खिडकीची चौकट फडक्यानं पुसायला घेतली आणि खिडकीलाच सांगितल्यासारखं हळूच म्हणाला, "खालची काच पाव फेरा फिरव. आणि पुन्हा मोज."

सेरेआनानं मान वर केली नाही. तिनं काच फिरवली, पुन्हा स्क्रू धरला. विसाव्या वलयाचा व्यास आधी साडेसहा मिलिमीटरच्या जरासा वर होता, तो आता सातच्या जरासा खाली आला. हिशेब केला तर शंभर पूर्णांक दोन. बिसुननं लांबून तिच्या पेन्सिलीची हालचाल पाहिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता आधीचा तक्ता खोडायचा, दुसरा ठेवायचा, वही द्यायची आणि शुक्रवारच्या आधी कांदावूची बोट धरायची.

पण तिनं खोडलं नाही. ती गालावर हात ठेवून बसली. मग तिनं नुसतं भिंग फिरवलं, काच तशीच ठेवली आणि मोजलं. शंभर. भिंग आणखी फिरवलं, शंभरच. मग काच पाव फेरा फिरवली, ब्याण्णव. मग ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून वलयांकडे नुसतीच बघत राहिली. बिसुननं असा वेळ फुकट घालवणारा उमेदवार पाहिला नव्हता. दुसऱ्यांदा खिडकी पुसायला गेला तेव्हा तो घायकुतीला आला होता.

"शंभर लिही आणि ऊठ ना पोरी," तो खिडकीला म्हणाला.

"मोमो, भिंग एकच आहे," ती वहीला म्हणाली. "त्याच्या दोन त्रिज्या कशा?"

तिनं दोन्ही आकडे लिहिले. खाली चार ओळी लिहिल्या: भिंग फिरवून फरक पडत नाही, काच फिरवून पडतो, तेव्हा दोष काचेचा. वलयं गोल नाहीत, किंचित लांबट आहेत. काच एका दिशेनं वाकलेली आहे, म्हणून फटीत काचेचा वाकही धरला जातो. नेहमी आपण आडवाच व्यास मोजतो, म्हणून हे लक्षात येत नाही.

तोंडी परीक्षेत डॉक्टर मेलेंनी ती वही दोनदा वाचली. मग मऊ आवाजात विचारलं की या दोन आकड्यांतला भिंगाचा खरा आकडा कुठला. सेरेआना म्हणाली, या काचेवरून सांगता येणार नाही. एखादा खरा असेल, दोन्ही खोटेही असतील. ज्या काचेवर वलयं गोल येतील त्या काचेवर मोजलं पाहिजे. डॉक्टर मेलेंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच समाधान दिसलं. लाल साहेबांच्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही, कारण तक्त्यात दोन आकड्यांसाठी जागा नव्हती.

मग ही काच आली कुठून, असं विचारणं झालं आणि बिसुनला बोलवण्यात आलं. गुदाम, खिडकी, लुव्हर, ठिपका, सगळं त्यानं सांगितलं. नेलपॉलिशचं ऐकताना डॉक्टर मेले खोकल्या. लाल साहेब लाल झाले. अकरा वर्षांचे निकाल खिडकीच्या काचेवर लावले हे बाहेर कळलं तर काय, असं ते म्हणाले. बिसुन नम्रपणे म्हणाला, साहेब, उत्तर तर दरवर्षी बरोबरच आलं. लाल साहेबांनाही मनातून तसंच वाटत होतं.

शेवटी असं ठरलं की डॉक्टर मेले सुवाहून तपासलेली सपाट काच सोमवारच्या बसनं पाठवतील. त्या काचेवर सेरेआनानं सगळ्यांसमोर एकदाच मोजायचं आणि जो येईल तो आकडा तिचं उत्तर. लाल साहेबांनी लगेच होकार दिला. शंभर येणार याची त्यांना खात्री होती. बिसुनलाही होती, आणि म्हणून तो त्या शनिवारी-रविवारी शांत झोपला.

सोमवारी काच आली, तीन टॉवेलांत गुंडाळलेली. सेरेआनानं ती अॅसिटोननं पुसली. दिवा तापला. लाल साहेब खुर्ची घेऊन बसले. बिसुननं आधी आयपीसमधून पाहून घेतलं, वलयं कंपासनं काढल्यासारखी गोल होती. तिनं डावीकडून सुरुवात केली आणि चाळीस मिनिटं स्क्रूच्या बारीक कुरकुरीशिवाय खोलीत आवाज नव्हता. मग तिनं हिशेब केला, पुन्हा केला आणि वही फिरवून दाखवली. ब्याण्णव. काच फिरवून पाहिली, भिंग फिरवून पाहिलं. ब्याण्णव.

लाल साहेब उठून कपाटाशी गेले, शिक्क्याचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त कागदाला भिणारे होते. म्हणाले, "मिस वाकालोलोमा, हे भिंग शंभरचं आहे. इथं लिहिलंय. तुमचा आकडा आठ टक्के बाहेर आहे. ठरल्याप्रमाणे हेच तुमचं उत्तर, आणि तक्त्याप्रमाणे हे नापास."

सेरेआनानं वही मिटली आणि दिव्याचं बटण बंद केलं, कारण काम झाल्यावर दिवा बंद करायचा असतो. बिसुनला आता काहीतरी आठवत होतं आणि ते आठवू नये असं त्याला फार वाटत होतं.

वादळाआधी, चांगली काच होती तेव्हा, मुलं काय आकडे आणायची? एक्क्याण्णव. त्र्याण्णव. ब्याण्णव. आणि तो प्रत्येकाला परत पाठवायचा, नीट मोज म्हणून. मग ती बिचारी खोडरबर घेऊन शंभर करून आणायची आणि तो म्हणायचा, बघ, जमतं की नाही. काच जुनी झाली, झिजली, असा त्यानं स्वतःचा समज करून घेतला होता. ती फुटली तेव्हा त्याला आतून बरंच वाटलं होतं. सतरा वर्षं मुलं खरं आणत होती आणि तो त्यांना खोटं करून आणायला लावत होता, आणि नंतरची अकरा वर्षं ते काम त्यानं खिडकीच्या काचेवर सोपवलं होतं.

आणखी एक आठवण त्याच्याही मागची होती. नोकरीचा पहिला आठवडा. लौटोकाच्या धक्क्यावर भिंगाच्या, शिक्क्याच्या कागदासकट, दोन सारख्या पेट्या उतरल्या, एक या कॉलेजची आणि एक डॉक्टर मेलेंच्या सुवाच्या कॉलेजला पुढे जायची. सुवाची पेटी उघडायचं त्याला काही कारण नव्हतं. पण तो बावीस वर्षांचा होता आणि इंग्लंडचं भिंग त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही पेट्या एकाच टेबलावर उघडल्या, दोन्ही भिंगं हातात घेऊन पाहिली, पुसली आणि परत ठेवली.

हे बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. पाच वर्षांनी तो निवृत्त व्हायचा होता, आणि बिसुन देवच्या लॅबमधे शंभर येतं, ही एकच गोष्ट त्याच्यामागे लोकांनी सांगण्यासारखी होती. त्यानं सेरेआनाकडे पाहिलं. ती मायक्रोस्कोपवर आवरण घालत होती.

"साहेब, जरा थांबा," बिसुन म्हणाला.

त्यानं भिंगाची पितळी चौकट खिळपकडीनं सैल केली. अठ्ठावीस वर्षांत ती त्यानं कधी उघडली नव्हती, उघडायचं कारणच पडलं नव्हतं. आतल्या काचेच्या कडेवर हिऱ्यानं कोरलेला बारीक आकडा होता: सतरा. त्यानं भिंग लाल साहेबांसमोर धरलं आणि शिक्क्याच्या कागदावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, भिंग क्रमांक अठरा.

मग त्यानं दोन पेट्यांची गोष्ट सांगितली, एका दमात, कुणाच्या तोंडाकडे न बघता. चूक भिंगाची नाही, या मुलीची तर नाहीच, माझी आहे, असं म्हणाला. लाल साहेबांनी भिंगावरचा आकडा वाचला, कागद वाचला, पुन्हा आकडा वाचला. कागदालाच खोटं पाडणारा दुसरा कागद असल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना. ते म्हणाले, सुवाला फोन लावा.

बिसुननं फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. डॉक्टर मेलेंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, थांबा, बघते. पलीकडे कपाट उघडल्याचा, पितळ खरडल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या भिंगावर अठरा कोरलेलं आहे, कागदावर सतरा, आणि सतराच्या कागदावर त्रिज्या लिहिली आहे ब्याण्णव.

लाल साहेबांनी खिशातून पेन काढलं. तक्त्यातला शंभर खोडला, वर ब्याण्णव लिहिलं, शेजारी सही केली, तारीख घातली आणि सेरेआनाच्या नावापुढे पूर्ण गुण मांडले. पास झाल्याचा कागद आजच पाठवतो, म्हणाले. सेरेआनानं बिसुनचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडू लागली. त्यालाही भरून आलं, आणि ते लपवायला तो चष्मा पुसू लागला.

फोन अजून चालूच होता. पलीकडून काही आवाज येत नव्हता. डॉक्टर मेले गेल्या की आहेत, हे पाहायला बिसुन फोनवर वाकला. त्याच्या मनात एक प्रश्न आला होता आणि तो विचारावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षांची सवय.

"मॅडम," तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडचं भिंग शंभरचं."

"हो."

"आणि तुमच्या मुलांना किती येतं?"

"ब्याण्णव," डॉक्टर मेले म्हणाल्या.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दरवर्षी."

"आणि तुमची काच?"

"सपाट आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ झाला होता. "दरवर्षी मी स्वतः तपासते."

बिसुननं चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या बाईंना दुखवायचं त्याच्या मनात मुळीच नव्हतं.

"आमची निदान काच तरी वाकडी होती, मॅडम," तो म्हणाला.